‘अगं, गंमत केली’

नवरा-बायकोच्या चेष्टेवर मराठी विनोदाचा मोठा संसार उभा आहे. दिवाळी अंकातली लाटणं उगारलेली बायको, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ‘जन्मठेप’ म्हणून केलेली भाषणं, सकाळी उठल्या उठल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडणारे ‘बायको माहेरी गेली’चे विनोद. या सगळ्यात वाढलेल्या आपल्या कानांना घरातला टोमणा वेगळा ऐकूच येत नाही. एखादी बाई म्हणाली की हा मला सारखं टोचून बोलतो, किंवा एखादा पुरुष दबक्या आवाजात म्हणाला की ही चारचौघांत माझी टर उडवते, तर उत्तर ठरलेलं असतं: कुणाच्या घरी नाही? आता रील्सवर वाढलेल्या पिढीने याच्या बरोबर उलट उत्तर पाठ केलं आहे: हा माणूस टॉक्सिक आहे, सोडून दे. दोन्ही उत्तरं देणाऱ्याने प्रश्न पुरता ऐकलेलाच नसतो.

सतत उपरोधाने आणि तुच्छतेने केलेली चेष्टा हा निरुपद्रवी विनोद की धोक्याची खूण, यावर गेली चाळीस-पन्नास वर्षं मानसशास्त्रज्ञांनी काम केलं आहे. आपल्याकडच्या न्यायालयांनी आणि कायद्यानेही वेगळ्या वाटेने याच प्रश्नाला हात घातला आहे. या सगळ्यातून जे निघतं ते ‘कुणाच्या घरी नाही’वाल्यांना रुचणार नाही आणि ‘सोडून दे’वाल्यांचंही त्याने समाधान होणार नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेपासून करावी लागते. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात जोडप्यांना समोरासमोर बसवून बोलायला लावलं. बोलायचे विषय साधे होते. दिवसभर काय झालं, आपला नेहमीचा वाद कशावरून होतो आणि आपल्याला दोघांना आवडणारी एखादी गोष्ट. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. अंगाला हृदयाचे ठोके आणि हाताचा घाम मोजणाऱ्या तारा, समोर कॅमेरा. मग प्रशिक्षित माणसं ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहून क्षणाक्षणाची भावना नोंदवत. या नोंदींसाठी १९८९ साली एक पद्धत सिद्ध झाली आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिच्यातली विभागणी फार बोलकी आहे. ‘विनोद’ हा एक रकाना आहे. त्यात दोघं मिळून हसणं येतं, खेळीमेळीची थट्टाही येते आणि ही नोंद नात्याच्या जमेच्या बाजूला जाते. ‘तुच्छता’ हा दुसरा रकाना आहे. त्यात उपरोध, नक्कल, अपमान आणि वैरभावाने केलेला विनोद येतो. ही नोंद खर्चाच्या बाजूला, तीही सगळ्यात महाग खर्चाच्या. म्हणजे विनोद चांगला की वाईट, या चर्चेत संशोधक पडलेच नाहीत. विनोद दोन जातींचे आहेत असं धरून त्यांनी ते वेगवेगळे मोजले.

नोंद करणाऱ्यांनी नुसत्या शब्दांवर विसंबायचं नव्हतं. तुच्छता चेहऱ्यावर दिसते. ओठाचा एकच कोपरा आत ओढला जातो, डोळे वर फिरतात, हनुवटी जराशी उचलली जाते. आवाजात ‘हो का, वा, काय हुशारी!’ अशी चाल येते. आणखी एक गोष्ट या पद्धतीत लक्षात घेतली गेली आणि ती घरोघरच्या एका युक्तिवादाला थेट उत्तर देते. ज्याची खिल्ली उडवली जाते तोही कधी कधी क्षणभर हसतो. बेसावध असतो, चारचौघांत असतो, हसला नाही तर आणखी ऐकावं लागेल हे त्याला ठाऊक असतं. तेव्हा ‘तीही हसत होती की’ हा निर्दोषत्वाचा पुरावा होत नाही.

गॉटमन यांनी पुढे जी चार लक्षणं प्रसिद्ध केली ती आता समुपदेशनाच्या पहिल्या धड्यात येतात: दोष काढणं, तुच्छता, स्वतःचा बचाव करत राहणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. चारांमध्ये तुच्छतेला त्यांनी सगळ्यात घातक मानलं. पण माझ्या मते जास्त उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३० नवविवाहित जोडप्यांचा पाठपुरावा होता. त्यात नुसत्या रागाचा आणि लग्न मोडण्याचा संबंध आढळला नाही. आढळला तो तुच्छतेचा, कुरापतीचा, बचावात्मक पवित्र्याचा. म्हणजे आवाज चढवून, भांडी आपटून भांडणारं जोडपं तेवढ्यावरून धोक्यात आहे असं म्हणता येत नाही. राग म्हणतो, तू हे जे केलंस ते मला चाललं नाही. तुच्छता म्हणते, तुझ्याकडून दुसरं काय होणार! पहिल्या वाक्याला उत्तर देता येतं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर आधी आपण माणूस म्हणून बरे आहोत हे सिद्ध करावं लागतं आणि ते जेवणाच्या ताटावर बसून कुणाला जमत नाही.

मग सगळी थट्टाच बंद करायची का? छे. थट्टेचा स्वतंत्र अभ्यास करणारे डॅकर केल्टनर आणि त्यांचे सहकारी सांगतात की थट्टेत दोन गोष्टी एकत्र असतात. एक बोच आणि तिच्याबरोबरच ‘हे खरं धरू नकोस’ सांगणारी एक खूण. खूण म्हणजे अतिशयोक्ती, लाडिक आवाज, डोळ्यातलं हसू, वेडंवाकडं पाडलेलं नाव. त्यांनी प्रेमात असलेल्या जोडप्यांना एकमेकांना टोपणनावं ठेवायला सांगितली आणि त्या नावामागची गोष्ट सांगायला लावली. नातं सुखाचं होतं तिथे टोपणनावातही माया होती. विद्यार्थी-संघटनेतल्या मुलांवर हाच प्रयोग केला तेव्हा वरच्या मानाची मुलं खालच्यांची जास्त बोचरी थट्टा करताना दिसली आणि खालची मुलं वरच्यांची बेताने. थट्टा कुठल्या दिशेने वाहते, हे तिथे स्पष्ट दिसतं.

हे आपल्याला परकं नाही. भोंडल्याच्या गाण्यांत सासू-सासरे-नणंदेची यथेच्छ चेष्टा आहे. पण ती नवरात्राच्या दिवसांत, फेर धरून, सगळ्यांनी मिळून आणि घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांच्यावर केलेली आहे. तिथे बोलणारी खालच्या पायरीवर असते. हेच शब्द सासूने सुनेला वर्षभर ऐकवले तर त्याला कुणी गाणं म्हणणार नाही. शब्दांच्या खरखरीतपणावरूनही काही ठरत नाही. मालवणी घरात ‘मेल्या’ म्हटल्याशिवाय प्रेम पूर्ण होत नाही आणि कोल्हापुरी मित्रांच्या तोंडची शिवी छापली तर अर्थ उलटा होईल. उलट ‘आपण फार मोठ्या, आपल्याला कोण काय सांगणार’ यात एकही वाईट शब्द नाही.

आता ‘माझा हेतू तसा नव्हता’ या बचावाकडे येऊ. बहुतेक वेळा तो प्रामाणिक असतो आणि तरीही अपुरा असतो. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. थट्टा करणाऱ्याला आपली थट्टा जितकी निर्मळ वाटते तितकी ती ऐकणाऱ्याला वाटत नाही. कारण साधं आहे. हेतू बोलणाऱ्याच्या मनात असतो, ऐकणाऱ्याच्या वाट्याला फक्त शब्द येतात. बोलणारा स्वतःच्या हेतूला मोजूनच आपल्या वाक्याचा अर्थ लावतो आणि समोरच्यालाही तो दिसत असेल असं गृहीत धरतो. त्यामुळे पहिल्यांदा दुखावलं गेल्यावर ‘याने मुद्दाम केलं’ असं म्हणणं बरेचदा चुकीचं ठरतं. पण हा खुलासा पहिल्या, फार तर दुसऱ्या वेळेपर्यंतच पुरतो. दुखतं हे एकदा सांगून झाल्यावर बोलणाऱ्याला ती माहिती मिळालेली असते. त्यानंतरही तेच वाक्य येत असेल तर अज्ञानाचा बचाव संपला.

हे सगळं एका कल्पित पण कुठल्याही सोसायटीत सापडेल अशा जोडप्यावर लावून पाहू. ती खासगी शाळेत शिकवते, तो एका कंपनीत व्यवस्थापक आहे. चाळिशीत तिने गाडी शिकायला घेतली आणि पार्किंगमध्ये खांबाला घासली. संध्याकाळी तो म्हणाला, ‘खांबाची तब्येत कशी आहे?’ ती म्हणाली, ‘बरी आहे, तुझ्या स्कूटरने पाडलेल्या गेटपेक्षा बरी.’ दोघं हसले. इथे बोच आहे, पण ती एका घटनेपुरती आहे. तिला उलट टोला मारता आला आणि तो त्याला लागला तरी चालला. ही नोंद जमेची.

दोन आठवड्यांनी मित्रांकडे जेवण होतं. तो म्हणाला, ‘हिच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.’ सगळे हसले, तीही हसली. इथे तीन गोष्टी बदलल्या आहेत. घटनेऐवजी तिच्या बुद्धीबद्दल वाक्य झालं. श्रोते वाढले, म्हणजे उलट टोला मारण्याची किंमत वाढली. आणि पहिल्या थट्टेत जी खूण होती, ती खांबाच्या तब्येतीची अतिशयोक्ती, ती इथे नाही. तरीही एवढ्यावरून निकाल देऊ नये. चारचौघांत माणूस टाळी मिळवण्यासाठी घसरतो. घरी येताना तिने सांगितलं, ‘सगळ्यांसमोर ते माकडाचं मला आवडलं नाही.’

आता खरी परीक्षा. समजा, तो म्हणाला, ‘अरे, लागलं का? मला वाटलं तू हसतेयस. नाही बोलणार.’ आणि पुढच्या वेळी बोलला नाही, किंवा जीभ घसरली तेव्हा त्याने स्वतःच ‘सॉरी’ म्हटलं. विषय मिटला. माकडाचं वाक्य वाईट होतं, नातं वाईट नव्हतं.

समजा, तो म्हणाला, ‘तुला विनोद कळतच नाही. तुमच्या माहेरी कुणी हसत नाही का?’ इथे एका तक्रारीचं रूपांतर दुसऱ्या थट्टेत झालं आणि दुखावलेल्या माणसालाच दोषी ठरवलं गेलं. आधी गाडी चालवता येत नाही, मग बुद्धी नाही, आता विनोदबुद्धी नाही आणि माहेरही तसंच. पुढच्या महिनाभरात तिच्या पगारावर आलं, ‘तेवढं तर आपलं पेट्रोल होतं.’ मुलगा गणितात कमी पडला तेव्हा, ‘आईवर गेलाय.’ मुलगाही हळूहळू त्याच सुरात बोलायला शिकला. घसरगुंडी इथे शब्दांच्या तीव्रतेत नाही, पल्ल्यात आहे. घटनेवरून स्वभाव, स्वभावावरून अख्खं माणूस, माणसावरून त्याचं घराणं. एखाद्या घरातल्या चेष्टेची यादी महिनाभर मनात धरून ठेवली तर हा पल्ला वाढतोय की एकाच जागी आहे, हे कुणालाही कळतं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात भरवशाची खूण मात्र बोलण्यात सापडत नाही, ती वागण्यात सापडते. वर्षभराने ती गाडी चालवते का? की लायसन्स कपाटात पडून आहे? मित्रांमध्ये ती गोष्ट सांगायला सुरुवात करते, की तोंड उघडण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहते? शाळेत तिला बढतीची संधी आली तर घरी सांगते, की आधी त्यावर काय टोमणा येईल त्याची मनात तालीम करते? निरुपद्रवी थट्टेने माणूस काही करायचं सोडत नाही, उलट थोडा धीट होतो. ज्या थट्टेने माणसाचं जगणं एकेका खोलीने आक्रसत जातं, ती थट्टा उरलेली नसते. सुखी घरातही टोमणे असतील, पण टोमणा खाणाऱ्याचा वावर कमी झालेला नसेल.

हे बायको बोलते आणि नवरा ऐकतो अशाही घरांत तंतोतंत लागू आहे. ‘तुमच्याच्याने काय होणार’, ‘आमच्या भावजींचा फ्लॅट बघा’ ही वाक्यं विनोदाच्या आवरणात वर्षानुवर्षं चालतात आणि आपल्याकडे पुरुषाला त्याबद्दल तक्रार करायचीही लाज वाटते. फरक पडतो तो सत्तेचा. टोमणा मारणाऱ्याच्या हातात घरातला पैसा, घराचं दार किंवा दुसऱ्याला भीती वाटावी अशी ताकद आहे का? असेल तर तेच वाक्य जास्त जड होतं. इव्हान स्टार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २००७ साली दाखवून दिलं की मारहाण न करताही एक माणूस दुसऱ्याचं आयुष्य ताब्यात घेऊ शकतो. पैशावर, भेटीगाठींवर, कपड्यांवर नियंत्रण आणि जोडीला सतत मानहानी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ साली असं वागणं गुन्हा ठरलं. उपरोधाबरोबर ‘फोन दाखव’, ‘कुणाकडे गेली होतीस’, ‘पगार माझ्याकडे दे’ हेही घरात असेल, तर आपण विनोदबुद्धीविषयी बोलतच नाही आहोत.

आता या संशोधनाच्या मर्यादा, कारण त्या सांगितल्या नाहीत तर वाचक घाबरून जाईल. गॉटमन यांच्या नावावर एक दावा फिरतो की थोडा वेळ जोडप्याला पाहून घटस्फोट नव्वद टक्के अचूक सांगता येतो. रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी २००१ साली या प्रकारच्या भाकितांतली खोच उघड केली. निकाल आधी ठाऊक असताना त्या माहितीवर बेतलेलं सूत्र त्याच लोकांवर छान चालतं. तेच नव्या लोकांवर लावलं की त्याची अचूकता बरीच घसरते. शिवाय थोड्या वर्षांत घटस्फोट घेणारी जोडपी एकूणात कमी असल्यामुळे ज्यांच्यावर ‘मोडणार’ असा शिक्का बसतो, त्यांतले कितीतरी न मोडणारेच निघतात. तेव्हा डोळे फिरवले म्हणजे लग्न गेलं, असं कुणी सांगत असेल तर ते ज्योतिष आहे. तुच्छता हा चिंतेचा संकेत आहे, निकालपत्र नव्हे.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे. त्या अभ्यासांत नात्याचं यश-अपयश बरंचसं घटस्फोटावर मोजलेलं आहे. भारतात लग्न टिकणं हे सुखाचं मोजमाप होऊ शकत नाही. इथे लोक आर्थिक अडचणीमुळे, मुलांमुळे, माहेरचं दार बंद असल्यामुळे, समाजाच्या धाकाने एकत्र राहतात. ‘चाळीस वर्षं झाली, कुठे काय बिघडलं?’ हे वाक्य म्हणूनच काही सिद्ध करत नाही. आपल्याकडे तुच्छतेचा परिणाम कोर्टात दिसण्याआधी मौनात दिसतो, वेगळ्या ताटांत, वेगळ्या टीव्हींत आणि ‘त्यांच्याशी काय बोलायचं’ या वाक्यात दिसतो.

विनोदाच्या बाजूने उभं राहणारं संशोधनही आहे आणि ते या निष्कर्षाशी भांडत नाही. कॅनडातले रॉड मार्टिन यांनी २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा वेगळ्या केल्या. माणसं जोडणारा, स्वतःला उभारी देणारा, दुसऱ्यावर वार करणारा आणि स्वतःलाच खाली खेचणारा. जेफ्री हॉल यांनी २०१७ साली जोडप्यांच्या विनोदावरच्या ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून निघालेलं चित्र सोपं आहे. जोडीदार विनोदी असण्यापेक्षा दोघांचं हसू सामाईक असणं महत्त्वाचं आणि वार करणारा विनोद नात्याच्या समाधानाला मारक. भांडण चिघळत असताना एखादा स्वतःवरचा विनोद वातावरण निवळवतो, हे आपण सगळेच जाणतो. पण तोच विनोद आदर आटलेल्या घरात केला तर आगीत तेल पडतं. वाक्य तेच असतं, त्यामागची शिल्लक बदललेली असते.

आता कायदा. २००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या आहे आणि तिच्यात अपमान, उपहास, मानहानी, नावं ठेवणं हे प्रकार स्पष्ट लिहिले आहेत. मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून केलेला उपहास वेगळा नमूद केला आहे. आपल्या घरांतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात क्रूर ‘गंमत’ हीच आहे, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. हा कायदा लग्नाच्या बायकोपुरता नाही, विवाहसदृश नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. दंडाधिकारी असं वागणं थांबवण्याचा आदेश देऊ शकतात, मानसिक त्रासाबद्दल भरपाई देववू शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुरुषाला या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली क्रूरतेच्या कारणावर मात्र दोघांनाही दाद मागता येते.

क्रूरतेची व्याख्या न्यायालयांनी घडवली. तिचा एक पायाचा दगड पुण्यातूनच गेलेला आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ या खटल्यात पतीने पत्नीपासून न्यायिक विभक्तता मागितली होती. पत्नीने पतीला आणि त्याच्या घराण्याला उद्देशून केलेली अपमानास्पद वक्तव्यं पुराव्यात होती. न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या निकालाने ती वागणूक क्रूरता ठरवली. आदर्श पती-पत्नींचा विचार न करता कोर्टाने समोरच्या या दोन माणसांचा विचार करायचा असतो, असंही त्यात म्हटलं. म्हणजे ‘दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. तरीही पतीला विभक्तता मिळाली नाही. त्या प्रसंगांनंतर दोघांचा संसार चालू राहिला होता, त्यामुळे ते वर्तन माफ झालं असं न्यायालयाने धरलं. ‘पण आम्ही नंतर एकत्र राहिलोच की’ हे वाक्य कोर्टात किती जड पडू शकतं, ते या निकालावरून कळतं. माफ केलेलं वर्तन पुन्हा सुरू झालं तर जुनंही जिवंत होतं, हे तत्त्वही त्याच निकालात आहे.

दुसरं टोक २००७च्या ‘समर घोष विरुद्ध जया घोष’ या निकालात आहे. मानसिक क्रूरतेची उदाहरणं देताना सर्वोच्च न्यायालयाने सतत चालणारी अपमानकारक वागणूक त्यात घेतली. मात्र किरकोळ कुरबुरी, संसारातली नेहमीची झीज आणि अनेक वर्षांतले तुरळक प्रसंग म्हणजे क्रूरता नव्हे, हेही सांगितलं. संसार सगळा मिळून पाहावा, एकेक प्रसंग सुटा काढू नये, असा त्याचा रोख आहे. मानसशास्त्रज्ञ आणि न्यायाधीश वेगवेगळ्या रस्त्यांनी निघून एकाच ठिकाणी आले, हे मला या आढाव्यातलं सगळ्यात पटणारं वाटतं. दोघांनीही एका वाक्यावरून निर्णय द्यायला नकार दिला आणि सातत्य पाहिलं.

ज्याला हे घरात तपासून पाहायचं आहे त्याने भांडणाच्या भरात सुरुवात करू नये. दोघं निवांत असताना एकच प्रसंग, एकच वाक्य घेऊन बोलावं. ‘तू नेहमी माझा पाणउतारा करतोस’ असं म्हटलं की ‘नेहमी’वर वाद सुरू होतो. ‘शनिवारी जोशींकडे पगाराबद्दल जे बोललास ते पुन्हा चारचौघांत बोलू नकोस’ यावर वाद घालायला जागा कमी असते. मग दोन-तीन महिने पाहावं. वाक्यं पूर्ण थांबण्याची अपेक्षा नको. ती घटतात का, घसरल्यावर तो स्वतः थांबतो का, की तुमच्या विनंतीचीच नवी चेष्टा होते, एवढंच पाहायचं. पहिल्या दोन्हींत आशा आहे. अशा जोडप्यांना समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. कारण तुच्छतेची सवय मोडायला नुसतं गप्प बसणं पुरत नाही, जोडीदारात काय बरं आहे ते पुन्हा शोधून रोज बोलून दाखवावं लागतं. तिसऱ्या प्रकारात, आणि विशेषतः जिथे भीती आहे तिथे, जोडप्याने एकत्र समुपदेशनाला जाऊ नये. तिथे खरं बोललेलं घरी गेल्यावर हत्यार म्हणून परत येतं. अशा वेळी आधी एकट्याने जावं.

महाराष्ट्रात त्यासाठी जागा आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष राज्यभर पोलिसांच्या आवारात उभे राहिले आणि तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. जिल्ह्याजिल्ह्यांत संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे आणि मन हलकं करायला ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक पुरुषांसाठीही आहे. यांपैकी कुठेही फोन केला म्हणजे गुन्हा नोंदला गेला असं होत नाही. घरात जे चाललंय ती गंमत आहे की आणखी काही, एवढंच विचारायलाही फोन करता येतो.